नऊ-सहा की आठ-पाच? व्हिडिओ पोकरचा बक्षीसतक्ता

व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर खेळणाऱ्याला बावन्न पत्त्यांच्या एका जोडातून पाच पाने मिळतात. हवी ती ठेवायची, नको ती एकदाच बदलून घ्यायची आणि शेवटी हातात जे जुळेल त्याप्रमाणे पैसे मिळतात. कोणत्या जुळणीला किती पैसे, हे पडद्यावरच्या तक्त्यात छापलेले असते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या नियमानुसार यंत्राने पत्ते दाखवले, तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या जोडाइतकीच असावी लागते. त्यामुळे जुगारघराला आपला वाटा वाढवायचा असेल, तर तो बक्षिसे कमी करूनच वाढवता येतो आणि ती कपात तक्त्यात उघड दिसते. स्लॉट यंत्राबाबत खेळणाऱ्याला अशी सोय नसते. तिथे आतली शक्यता बाहेरून कळत नाही.

या खेळाचा मूळ प्रकार ‘जॅक्स ऑर बेटर’. यात किमान गुलामांची जोडी जुळली, की लावलेले नाणे परत मिळते. दोन जोड्यांना दोन नाणी, तीन सारख्या पानांना तीन, ओळीने पाच पानांना चार, चार सारख्यांना पंचवीस आणि एकाच रंगातल्या सलग पाच पानांना पन्नास. हे आकडे बहुतेक यंत्रांवर सारखेच असतात. कात्री लागते ती मधल्या दोन ओळींना: फुल हाउस, म्हणजे तीन सारखी पाने आणि एक जोडी, आणि फ्लश, म्हणजे पाचही पाने एकाच रंगाची. पूर्ण मोबदला देणाऱ्या, म्हणजे फुल-पे यंत्रावर फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा नाणी मिळतात. म्हणून जाणकार त्याला ‘नऊ-सहा’ म्हणतात. आठ-पाच, सात-पाच, सहा-पाच ही सगळी शॉर्ट-पे यंत्रे.

या दोनच ओळींवर घाला का? पाने अचूक राखली, तर फुल हाउस साधारण ८७ हातांत एकदा येते आणि फ्लश ९१ हातांत एकदा. म्हणजे यांपैकी कोणत्याही ओळीतले एक नाणे कमी केले, की एकूण परतावा सुमारे १.१ टक्क्यांनी घसरतो. दोन जोड्या मात्र शंभरात जवळपास तेरा वेळा येतात. तिथे दोनाचे एक केले, तर खेळणाऱ्याला ते लगेच जाणवते. फुल हाउसला नऊऐवजी आठ आले, हे जिंकल्याच्या आनंदात सहज नजरेआड होते.

नऊ-सहाचा परतावा ९९.५४ टक्के, आठ-पाचचा ९७.३० आणि सहा-पाचचा ९५ टक्के. पाव डॉलरची पाच नाणी लावून तासाला ६०० हात खेळले, तर ७५० डॉलर फिरतात. यात नऊ-सहावर सरासरी साडेतीन डॉलर जातात, आठ-पाचवर वीस, तर सहा-पाचवर साडेसदतीस. खेळ तोच, पत्तेही तेच.

तक्त्यात एक ते पाच नाण्यांचे पाच रकाने असतात. तुलना पहिल्या रकान्यात करावी. पाचव्यात नऊ-सहाचे आकडे ४५ आणि ३० असे, तर आठ-पाचचे ४० आणि २५ असे दिसतात आणि घाईत फसगत होते. पाचवा रकाना पाहायचा तो सर्वांत वरच्या, रॉयल फ्लशच्या ओळीसाठी. एका नाण्याला २५० आणि पाचांना १,२५० नव्हे, तर ४,००० मिळतात. पाचापेक्षा कमी नाणी लावली, तर हा वाढीव भाग हुकतो आणि परतावा टक्क्याहून अधिक खाली येतो. पाच नाणी जड वाटत असतील, तर त्याहून लहान नाण्याचे यंत्र घ्यावे. मात्र तिथला तक्ता पुन्हा वाचावा. एकाच यंत्रावर नाण्याची किंमत बदलली, की तक्ताही बदलू शकतो.

खेळाचे नाव आधी वाचणे तितकेच गरजेचे. ‘बोनस पोकर’मध्ये आठ-पाच हाच पूर्ण मोबदला, कारण तिथे चार एक्क्यांना ऐंशी नाणी मिळतात, त्याचा परतावा ९९.१७ टक्के आहे. उलट ‘डबल डबल बोनस’मध्ये नऊ-सहा दिसले, तरी दोन जोड्यांना एकच नाणे मिळते आणि परतावा ९८.९८ टक्क्यांवर थांबतो.

अमेरिकेतल्या आदिवासी जमातींच्या काही जुगारघरांत पोकरसारखी दिसणारी यंत्रे प्रत्यक्षात बिंगोच्या सोडतीवर चालतात. पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचे छोटे कार्ड दिसले, तर वरचे गणित तिथे लागू होत नाही. शिवाय ९९.५४ हा आकडा प्रत्येक हातात योग्य पाने राखली तरच खरा आणि त्यातला सुमारे दोन टक्के भाग एकट्या रॉयल फ्लशचा आहे. ती येते सरासरी चाळीस हजार हातांत एकदा. नऊ-सहाचे यंत्रही शेवटी जुगारघराच्याच बाजूने झुकलेले आहे; तक्ता वाचणाऱ्याचा तोटा फक्त लहान होतो.