रामेश्वर, दहा दिवसांत आणि आई-बाबांच्या चालीनं

वय झालेल्या आई-बाबांना रामेश्वरला न्यायचं ठरलं की घरातला मुलगा आधी नकाशा उघडून किलोमीटर मोजतो. मदुराई ते रामेश्वर साधारण १७०, रामेश्वर ते कन्याकुमारी ३००च्या वर, तिथून तिरुवनंतपुरम ९०. पाच-सहा दिवसांत सहज होईल, असा हिशेब निघतो आणि चाळिशीतल्या माणसापुरता तो बरोबरही असतो. पंचाहत्तरीच्या माणसाचा दिवस मात्र बिघडतो तो दुपारी साडेबाराच्या सुमारास, मंदिराचं दार बंद होतं तेव्हा.

तमिळनाडूतली बहुतेक मोठी मंदिरं दुपारी बंद असतात. मदुराईचं मीनाक्षी मंदिर साडेबाराला बंद होतं आणि चारला उघडतं. रामेश्वरचं एकला बंद होतं आणि तीनला उघडतं. सकाळी आंघोळी, औषधं, नाश्ता आणि एकदा परत खोलीत जाऊन आणलेला चष्मा यात पाऊण तास गेला, की रांगेत उभं असतानाच दार लागतं. मग दोन ते साडेतीन तास काढायचे कुठे? तापलेल्या दगडावर अनवाणी पाय, जवळ स्वच्छतागृह नाही आणि हॉटेलवर जाऊन परत यायचं त्राण नाही. म्हणून उशीर झाला तर काय हुकतं, हे पाहून मोकळा वेळ ठेवायचा. विमान आणि मंदिराचं दार यांच्या आधी भरपूर, कारण तिथे चूक महागात पडते. समुद्रकिनारा, राजवाडा, जेवण यांच्या आधी काहीच नको. तिथे उशीर झाला तर झाला.

उदाहरणादाखल ठाण्यातलं एक घर धरू. बाबा ७६ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू. आई ७१ची, गुडघे दुखरे. सोबत मुलगा, सून आणि एक नात. आईनं काशीहून आणलेली गंगाजलाची लोटी देवघरात कित्येक वर्षं आहे; ती रामेश्वराला वाहायची, हा प्रवासाचा खरा हेतू. बाकी सगळं जोडून आलेलं. हेतू असा एका वाक्यात सांगता आला की वेळ कमी पडल्यावर काय गाळायचं, यावरून वाद होत नाही.

पहिला दिवस मुंबई ते मदुराई, आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. विमान दुपारचं घ्यावं. पहाटे सहाचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त मिळतं, पण त्यासाठी दोनला उठावं लागतं आणि त्याची झोप पुढचे दोन दिवस वसूल होत राहते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची आणि निघण्याआधी फोन करून नोंद झाली आहे ना, हे विचारायचं. बाबा म्हणणारच, ‘मी काय पांगळा आहे का?’ त्यांना सांगायचं, की ती आईसाठी आहे आणि तुम्ही तिच्याबरोबर चालायचं. दोन खुर्च्या मागवलेल्या असल्या तरी.

दुसरा दिवस मीनाक्षीचा. सकाळी साडेसातच्या आत मंदिरात आणि दहाच्या आत बाहेर. इथे एक गोष्ट आधी ठरवावी लागते. मंदिरात मोबाइल नेता येत नाही. चारही दिशांना उंच गोपुरं आहेत आणि नवख्या माणसाला ती सारखीच दिसतात. चपला आणि फोन ज्या गोपुरापाशी ठेवले तिथेच परत यावं लागतं. गर्दीत बाबा मागे राहिले तर त्यांना फोन करायची सोय नाही. म्हणून आत जातानाच एक जागा ठरवायची, उदाहरणार्थ पोट्रामरै कुळम या तळ्याच्या पायऱ्या. हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात ठेवायचं. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पत्ते.

तिसऱ्या दिवशी रामेश्वर. गाडीनं साडेतीन तासांचा रस्ता, पण त्याला साडेपाच तास द्यायचे. नऊला निघायचं आणि दर दीड तासाला थांबायचं. ही थांबण्याची बाब बारकाईनं पाहायला हवी, कारण गाडीतला निम्मा त्रास तिथून येतो. वाटेत सोय नसेल या धास्तीनं आई सकाळपासून पाणीच पीत नाही. बाबा लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी गुपचूप टाळतात. दुपारी गाडीतून उतरताना एकाला भोवळ येते आणि आपण ऊन लागलं असं म्हणतो. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी पुढे ढकलता येईल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मनानं बदलायची नाही. आणि कुठे थांबणार ते सकाळीच मोठ्यानं सांगायचं, म्हणजे पाणी प्यायलं जातं. संध्याकाळी पायमोजे काढल्यावर घोट्यावर खोल वळ दिसला, की समजावं आजचं बसणं जास्त झालं. उद्या गाडी नको.

उद्या नकोच आहे. चौथा दिवस पूर्ण रिकामा. विश्रांतीचा दिवस लांबच्या प्रवासानंतर ठेवायचा असतो, पण बहुतेक जण तो शेवटी ठेवतात, तोवर माणूस आजारी पडलेला असतो. या दिवशी पंबनचा पूल पाहून येऊ, कलामांचं घर पाहू, असं कोणीतरी म्हणेलच. ‘एवढ्या लांब आलोय तर’ हे वाक्य मोकळ्या दिवसाचा पहिला शत्रू आहे. सून आणि नात खुशाल जावोत. आई-बाबांनी दुपारी झोपावं. मुलाचं काम एवढंच, की मंदिराच्या कार्यालयात जाऊन उद्याच्या गंगाजल अभिषेकाची चौकशी करून यायचं. पाणी तांब्याच्या, पितळेच्या किंवा काशाच्या भांड्यातलंच चालतं. लोखंडाच्या किंवा पत्र्याच्या भांड्यातलं चालत नाही. लोटी विमानात मोठ्या सामानात, कपड्यांत गुंडाळून न्यावी.

पाचवा दिवस ज्यासाठी आलो त्याचा. आधी अग्नितीर्थात, म्हणजे समुद्रात स्नान, मग ओल्या अंगानं मंदिरातल्या बावीस कुंडांवर जायचं. प्रत्येक कुंडावर माणूस बादलीनं पाणी शेंदून डोक्यावर ओततो. गर्दी असेल त्याप्रमाणे याला तास-दोन तास लागतात. शेवटी कोरडे कपडे घालूनच गाभाऱ्याकडे जाता येतं. ऐकायला सोपं वाटतं, पण फरशी अखंड ओली, बाहेरचा प्राकार पूर्व-पश्चिम जवळपास दोनशे मीटर लांब आणि मागून माणसांचा लोट. दुखऱ्या गुडघ्यांची बाई इथे घसरते. आईनं समुद्राचं पाणी पायाला लावावं, बावीस कुंडं मुलानं करावीत आणि तोवर तिनं कोरड्या लुगड्यात दर्शनाच्या रांगेत थेट जावं, असं माझं मत आहे. तिला पटणार नाही. आदल्या दिवशी तिला प्राकार एकदा दाखवून आणावा आणि निर्णय तिच्यावर सोडावा. ‘माझं काही नाही, तुम्ही म्हणाल तसं’ असं ती म्हणाली, तर ती दमलेली आहे असं समजावं.

बाबांचा धोका वेगळा. दर्शन झाल्याशिवाय ते खाणार नाहीत, पण साखरेची गोळी मात्र सवयीनं सहाला घेऊन टाकतील. उपाशी पोटी गोळी आणि दोन तास ओल्यानं उभं राहणं. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. ही साखर उतरल्याची खूण आहे. लोक भक्तीनं भारावले असं समजतात. यावर उपाय दोन. गोळी दर्शनानंतर, खाण्याबरोबर घेतली तर चालेल का, हे आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. आणि ग्लुकोजची पुडी मुलाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. खिसा ओला होणार आहे.

सहावा दिवस जोडदिवस. पाचव्या दिवशी पाऊस, ताप, गर्दी यांपैकी काही आडवं आलं तर अभिषेक आज. सगळं वेळेवर झालं असेल तर सकाळी धनुष्कोडी. १९६४च्या वादळात उद्ध्वस्त झालेलं हे गाव गाडीत बसूनही पाहता येतं, कारण डांबरी रस्ता थेट अरिचल मुनैच्या टोकापर्यंत जातो. दहाच्या आत परत.

रामेश्वर ते कन्याकुमारी एका दमात सहा-सात तास होतात. तो तुकडा मोडायचा. सातव्या दिवशी तूतीकोरिनला, म्हणजे थूथुकुडीला मुक्काम. पाहायला फारसं काही नाही, आणि मुक्कामाला ते बरंच आहे. मोठं शहर असल्यानं दवाखाने आहेत. आठव्या दिवशी तिरुचेंदूरवरून कन्याकुमारी, दुपारी पोचून संध्याकाळी सूर्यास्त.

नवव्या दिवशी विवेकानंद शिलास्मारकाचा प्रश्न येतो. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांनी देशभरातून वर्गणी जमवून हे स्मारक उभं केलं. १९७०मध्ये ते खुलं झालं, तेव्हाच्या आठवणी या पिढीला असतात. त्यामुळे बाबांचा जीव त्यात अडकलेला असू शकतो. पण तिथे जायचं तर होडीची रांग, हलत्या होडीत पाय ठेवणं, वर पायऱ्या आणि समुद्र खवळला तर होडी बंदच. पहिली होडी गाठता आली तर बाबांना न्यावं. रांग तासाभरावर दिसली तर किनाऱ्यावरूनच नमस्कार करावा, आईनं तर तसाच. दुपारी जेवून तिरुवनंतपुरमला निघायचं. नव्वद किलोमीटर आहेत, पण नागरकोविलच्या पुढे रहदारीत तीन तास जातात. विमानाच्या दिवशी हा रस्ता नको, म्हणून शेवटची रात्र विमानतळाच्या गावात. तमिळनाडूची टॅक्सी केरळात न्यायची तर परवाना लागतो. तो गाडीकडे आहे का, हे गाडी ठरवतानाच विचारायचं, नाहीतर सीमेवर खोळंबा होतो. दहाव्या दिवशी दुपारच्या विमानानं मुंबई. पद्मनाभस्वामींचं दर्शन या आराखड्यात नाही आणि ते मी मुद्दाम ठेवलेलं नाही.

यात सगळं बरोबर असूनही तारीख चुकली तर काहीच जमत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेचे यात्रेकरू मदुराई, रामेश्वर आणि कन्याकुमारी गाठतात, आणि पोंगलची गर्दी त्यात भर घालते. मार्चपासून ऊन. उरतो जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. त्यातही आपल्या पंचांगातली पौष अमावस्या तिथे थै अमावस्या म्हणून पाळली जाते. त्या दिवशी पितरांचं तर्पण करायला अग्नितीर्थावर प्रचंड गर्दी लोटते. ती अमावस्या कोणत्या तारखेला येते ते आधी पाहा, तिच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे रामेश्वर ठेवू नका आणि मगच विमानाचं तिकीट काढा.