बुटाचं माप आणि वाचनाचे गुण

मोबाइलवर काढलेला फोटो आहे: पहिली ते चौथीच्या मुलांबद्दलचा तीन ओळींचा, तीन रकान्यांचा सहसंबंधाचा तक्ता. समजा, त्यात बुटाचं माप आणि वाचनाचे गुण यांचा सहसंबंध 0.64, माप आणि वय यांचा 0.80, वाचन आणि वय यांचा 0.70 आहे. मोठ्या पायाची मुलं चांगली वाचतात? तसं नाही. वय वाढतं तसे पायही वाढतात आणि वाचनही सुधारतं. म्हणून वय स्थिर धरून आंशिक सहसंबंध काढायचा. मूळ माहिती हाताशी नसली तरी हे तीन आकडे पुरतात.

वयामार्फत येणारा भाग 0.80 × 0.70 = 0.56. तो 0.64 मधून वजा केला की 0.08 उरतं. याला √((1 − 0.64)(1 − 0.49)), म्हणजे सुमारे 0.43 ने भागायचं. उत्तर साधारण 0.19.

अंशात उरणारा फरक असा इवलासा असतो, म्हणून फोटो नीट वाचणं फार महत्त्वाचं. तक्त्यात 0.64 ऐवजी नुसतं 0.6 छापलं असतं, तर उत्तर 0.09 वर, निम्म्यावर आलं असतं. 0.70 च्या आधी सावलीमुळे उणे चिन्ह भासलं, तर उत्तर 2.8 येतं. सहसंबंध 1 च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे आकडा चुकीचा वाचला गेला. तक्ता पूर्ण छापलेला असेल तर प्रत्येक आकडा कर्णाच्या दोन्ही बाजूंना असतो. आधी ते जुळवून पाहावेत. हे सूत्र फक्त सरळ रेषेतला संबंध काढून टाकतं, वयाचा वळणदार परिणाम त्यातून निसटतो.