समाश्रयणाचे कोष्टक कसे वाचावे
(मुंबईतील महिला-आरक्षणाच्या एका अभ्यासाच्या आधारे)

राज्यशास्त्रावरील आधुनिक निबंध उघडला म्हणजे मजकुराच्या मध्यभागी आकड्यांचे एक कोष्टक बहुधा आढळते. डाव्या बाजूस काही नावे, त्यांच्यापुढे दशांश अपूर्णांक, त्या अपूर्णांकांखाली कंसात आणखी लहान अपूर्णांक, आणि कोठे कोठे एक-दोन तारका, असे त्याचे रूप असते. यालाच समाश्रयणाचे, म्हणजे रिग्रेशनचे कोष्टक म्हणतात. पुष्कळ वाचक ते ओलांडून पुढील परिच्छेदाकडे वळतात. परंतु निबंधातील मुख्य पुरावा त्या कोष्टकातच साठविलेला असतो आणि तो वाचण्यास अंकगणितापलीकडचे फारसे काही लागत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकांवरील एका अभ्यासाच्या साहाय्याने हे दाखविता येईल.

प्रश्न कोणता होता?

1992 साली संसदेने संमत केलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांतील किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. या जागा कायमच्या त्याच नसतात. त्या फिरत्या असतात. मुंबईत कोणता प्रभाग राखीव व्हावयाचा हे सोडतीने ठरत असे. त्यामुळे एका निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव असलेला प्रभाग पुढील निवडणुकीत सर्वांस खुला होऊ शकतो. मग प्रश्न असा उद्भवतो की, आरक्षण उठल्यावर त्याचा काही परिणाम मागे उरतो, की प्रभाग पूर्वस्थितीवर जातो?

या प्रश्नावर रिखिल भावनानी यांचा निबंध 2009 साली ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी 2002 च्या निवडणुकीत खुल्या असलेल्या प्रभागांचे दोन गट केले. 1997 साली स्त्रियांसाठी राखीव असलेले प्रभाग 37 होते; त्यांपैकी 8 प्रभागांत 2002 साली स्त्री निवडून आली. 1997 सालीही खुले असलेले प्रभाग 81 होते. त्यांपैकी 3 प्रभागांतच स्त्री निवडून आली. शेकडेवारीने पहिल्या गटाचे प्रमाण 21.6 आणि दुसऱ्याचे 3.7 पडते.

गुणांक म्हणजे काय?

वरील संख्यांवरून समाश्रयण केले तर साधेसे कोष्टक पुढीलप्रमाणे होते. कंसांतील आकडे येथे याच संख्यांवरून काढलेले आहेत.

| | 2002 साली स्त्री विजयी |
|---|---|
| 1997 साली राखीव | 0.179* |
| | (0.071) |
| स्थिरांक | 0.037 |
| | (0.021) |
| प्रभागांची संख्या | 118 |

(* पाच टक्के पातळीवर सार्थ)

कोष्टक वाचताना प्रथम शिरोभाग पाहावा. ज्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे, त्या गोष्टीचे नाव तेथे असते. तिला अवलंबी चल म्हणतात. येथे स्त्री निवडून आल्यास 1 आणि न आल्यास 0 असे अंक प्रत्येक प्रभागास दिलेले आहेत. अशा अंकांची सरासरी म्हणजेच स्त्रिया विजयी झालेल्या प्रभागांचे प्रमाण होय. डाव्या बाजूचे ‘1997 साली राखीव’ हे चलही असेच 1 किंवा 0 आहे.

स्थिरांक 0.037 आहे. पूर्वी राखीव नसलेल्या प्रभागांतील प्रमाण, म्हणजे शेकडा 3.7, ते हेच. गुणांक 0.179 आहे. चल 0 वरून 1 वर गेले असता, म्हणजे प्रभाग पूर्वी राखीव होता असे मानले असता, प्रमाणात किती भर पडते हे तो सांगतो. दोहोंची बेरीज 0.216 होते, तेच पहिल्या गटाचे प्रमाण. याप्रमाणे गुणांक म्हणजे येथे दोन सरासऱ्यांतील वजाबाकीच होय.

येथे एक घोटाळा टाळावयास हवा. 0.179 म्हणजे स्त्रियांच्या विजयात शेकडा 17.9 ची वाढ झाली असे नव्हे. प्रमाण शेकडा 3.7 वरून 21.6 वर गेले, अंतर 17.9 टक्के-बिंदूंचे आहे, आणि पटीत पाहिले तर वाढ पाचपटींहून अधिक आहे. म्हणून गुणांक वाचताना अवलंबी चल कोणत्या मापात मोजले आहे हे आधी पाहावे. तेच चल रुपयांत वा मतांच्या संख्येत असते तर त्याच अंकाचा अर्थ सर्वस्वी निराळा झाला असता. गुणांक मोठा की लहान, हे मापावाचून ठरत नाही.

कंसातील आकडा आणि तारका

यापुढे शंका अशी की, हे अंतर निव्वळ योगायोगाने पडले नसेल कशावरून? एकंदर 118 प्रभागांत 11 स्त्रिया विजयी झाल्या. आरक्षणाचा काहीच परिणाम उरला नसता, तर त्या अकरांची वाटणी दोन्ही गटांत प्रभागसंख्येच्या मानाने व्हावयास हवी होती. म्हणजे 37 प्रभागांच्या वाट्यास तीन किंवा चार आल्या असत्या. प्रत्यक्षात आठ आल्या. 118 चिठ्ठ्यांतून 37 चिठ्ठ्या डोळे मिटून काढल्या, आणि त्यांत अकरांपैकी आठ किंवा त्याहून अधिक खुणेच्या चिठ्ठ्या आल्या, असे शंभरात एकापेक्षाही कमी वेळा घडेल. योगायोग अशक्य नाही, परंतु त्यावर विसंबणे कठीण आहे. सार्थता या संज्ञेत एवढाच आशय आहे.

कोष्टकात हीच गोष्ट कंसातील आकड्याने व्यक्त होते. त्यास प्रमाण-त्रुटी म्हणतात. योगायोगाने गुणांक सामान्यतः किती इकडे-तिकडे हलू शकतो, याचे ते माप होय. गुणांकाला प्रमाण-त्रुटीने भागावे. भागाकार सुमारे 2 किंवा अधिक आला तर लेखक तेथे तारका घालतो. येथे 0.179 ला 0.071 ने भागल्यास भागाकार 2.5 येतो.

तारकेपेक्षाही उपयुक्त असा दुसरा हिशेब आहे. प्रमाण-त्रुटीची दुप्पट गुणांकातून वजा करावी आणि त्यात मिळवावी. येथे सुमारे 4 पासून 32 टक्के-बिंदूंपर्यंतचा पल्ला निघतो. परिणाम शून्य असण्याचा संभव कमी आहे, इतके यावरून म्हणता येते. पण तो लहान आहे की फार मोठा, हे 118 प्रभागांवरून नेमके ठरत नाही. 17.9 हा आकडा दशांशापर्यंत दिलेला असल्याने जी अचूकता भासते, ती या पल्ल्याने योग्य मर्यादेत येते.

तारका नसली तर परिणाम नाही, हेही अनुमान चूक आहे. समजा, दुसऱ्या एखाद्या शहरात गुणांक 0.080 आणि प्रमाण-त्रुटी 0.070 निघाली. पल्ला उणे 6 पासून अधिक 22 पर्यंत जातो. अशा वेळी सामग्री अपुरी आहे, इतकेच म्हणावे. उलट लाखो मतदारांच्या सामग्रीत अत्यंत क्षुल्लक गुणांकावरही तारका पडू शकते. तारका परिणामाचे महत्त्व सांगत नाही.

नियंत्रक चले कशासाठी?

प्रत्यक्ष निबंधांत एकाच गुणांकासाठी अनेक स्तंभ दिलेले असतात, आणि उजवीकडे जावे तसतशी डावीकडील नावे वाढत जातात. ही वाढीव नावे नियंत्रक चलांची असतात. त्यांचे कार्य एका काल्पनिक शहराच्या उदाहरणाने समजेल.

समजा, त्या शहरात प्रभाग सोडतीने निवडलेले नसून पक्षांनी आपल्या सोयीने स्त्रियांना दिले आहेत. असे 40 प्रभाग आहेत. त्यांपैकी 30 प्रभागांत महिला मंडळे बळकट आहेत, 10 प्रभागांत नाहीत. उरलेल्या 80 पैकी 20 प्रभागांत मंडळे बळकट आहेत, 60 प्रभागांत नाहीत. पुढील निवडणुकीत बळकट मंडळांच्या प्रभागांपैकी शेकडा 40 ठिकाणी आणि इतर प्रभागांपैकी शेकडा 10 ठिकाणी स्त्री विजयी होते. प्रभाग पूर्वी स्त्रीकडे होता की नव्हता, याने काहीच फरक पडत नाही. तरीही पहिल्या गटात 12 अधिक 1, म्हणजे 40 पैकी 13 विजय होतात. दुसऱ्यात 8 अधिक 6, म्हणजे 80 पैकी 14. प्रमाणे शेकडा 32.5 व 17.5 येतात आणि गुणांक 0.150 निघतो. हा गुणांक वस्तुतः मंडळांच्या बळाचा आहे, पूर्वीच्या स्त्री-प्रतिनिधित्वाचा नव्हे. मंडळांचे बळ नियंत्रक चल म्हणून घातले की बळकटांची तुलना बळकटांशी आणि इतरांची इतरांशी होते, व गुणांक शून्यावर येतो.

मुंबईच्या अभ्यासाचे बळ येथेच आहे. प्रभाग सोडतीने राखीव झाल्यामुळे बळकट मंडळे, शिक्षण, पक्षांचे प्राबल्य इत्यादी गोष्टी दोन्ही गटांत सरासरीने सारख्याच वाटल्या जाण्याची अपेक्षा असते. आणि ज्या मोजता येत नाहीत, त्यांनाही हेच लागू पडते. म्हणून अशा अभ्यासात नियंत्रक चले घातल्यावर गुणांक फारसा हलू नये. तो पुष्कळ हलला, तर दोन गट योगायोगाने विषम पडले असावेत किंवा नको ते चल आत शिरले असावे, असा संशय घ्यावा. सोडत नसलेल्या अभ्यासात मात्र लेखकाने काय मोजले यापेक्षा काय मोजावयाचे राहिले, हा प्रश्न वाचकाने स्वतःस विचारावा.

नको ते चल कोणते, हेही पाहिले पाहिजे. आरक्षणामुळे 1997 साली अनेक स्त्रिया राजकारणात आल्या, आणि स्त्री-उमेदवार निवडून येऊ शकते हे पक्षांस कळले; परिणाम अंशतः याच मार्गांनी घडत असावा असे निबंधात सुचविले आहे. आता कोणी ‘2002 साली स्त्री-उमेदवार किती होत्या’ हे नियंत्रक चल म्हणून घातले, तर आरक्षणाचा गुणांक घटण्याचा संभव आहे. त्यावरून आरक्षण निष्फळ ठरले असे मुळीच ठरत नाही. ज्या मार्गाने परिणाम घडतो, तो मार्गच बंद करून मोजणी केलेली असते. म्हणून प्रत्येक नियंत्रक चलाबाबत, ते कारणाच्या आधीचे आहे की नंतरचे, हे तपासावे. प्रभागाची आरक्षणापूर्वीची स्थिती नियंत्रक म्हणून चालते. आरक्षणानंतर घडलेली गोष्ट चालत नाही.

आकड्याची सीमा

कोष्टकाच्या तळाशी असलेली 118 ही संख्या शेवटी पुन्हा पाहावी. हे प्रभाग एकाच शहरातील, आणि निकाल एकाच निवडणुकीचा. 2011 साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांतील स्त्रियांचे आरक्षण निम्म्यावर नेले. त्यानंतरच्या परिस्थितीत हाच गुणांक येईल असे म्हणता येत नाही. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्लीची विधानसभा यांतील एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची तरतूद केली, आणि त्या जागाही फिरत्या ठेवल्या. जागा फिरल्यानंतर काय उरते, हा प्रश्न त्यामुळे दिल्लीसही लागू होतो. परंतु विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे महापालिकेचा प्रभाग नव्हे. 2002 साली मुंबईत काय घडले, एवढेच 0.179 हा आकडा सांगतो. दिल्लीचे उत्तर मिळण्यास दिल्लीतील मतदारसंघ मोजावे लागतील.