सिंकखालची टपटप आणि एक रबरी वॉशर

सिंकखालच्या कपाटात पाणी साचलं की पहिला संशय बॉटल ट्रॅपवर जातो, कारण थेंब तिथूनच पडताना दिसतो. आमच्या शेजारच्या काकूंनी याच समजुतीनं नवा ट्रॅप बसवून घेतला. कपाटाची प्लायवूड मात्र फुगतच राहिली. पाणी वरून, जाळीच्या कपलिंगपाशी झिरपत होतं आणि पाइपच्या अंगानं ओघळून खालच्या टोकाला येऊन टपकत होतं.

खरी गळती कुठे आहे हे शोधायला जुना टॉवेल, टिश्यू पेपर आणि विजेरी एवढं पुरतं. आधी खालचं सगळं कोरडं पुसा. मग सिंकमध्ये चार बोटं पाणी भरून ते तसंच राहू द्या. इथे एक गफलत हमखास होते. जाळीवर ताटली किंवा रबरी चकती झाकली, तर कपलिंगची वरची कडच झाकली जाते आणि चाचणी फसते. त्यासाठी झाकण किंवा बोळा कपलिंगच्या तोंडात, कडेच्या खाली बसायला हवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड गुंडाळून घट्ट कोंबलं तरी चालतं. दहा मिनिटांनी सिंकच्या पोटाला, मोठ्या नटाच्या वर टिश्यू टेकवा. साचलेल्या पाण्यात तो ओला झाला, तर दोष कपलिंग आणि सिंकच्या सांध्यात आहे. तो कोरडा राहिला आणि पाणी सोडल्यावरच थेंब आला, तर खालचे जोड तपासायचे.

काकूंच्या सिंकखाली टिश्यू लगेच भिजला. त्याआधी कुणीतरी नट अर्धा फेरा आवळून दिला होता. थेंब आठवडाभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. असं व्हायचंच. गरम पाणी, तेल आणि साबण यांनी रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं, सिंकच्या कडेचा दाब बसून त्यात खोबण पडते. अशा रबराला लवचीकपणाच उरलेला नसतो, त्यामुळे नट कितीही पिळला तरी ते फटीत भरत नाही. उलट जास्त जोर लावला तर प्लॅस्टिकचा नट तडकतो.

दुरुस्तीसाठी आधी खाली बादली ठेवून ट्रॅपचा जोड हातानं सोडवायचा. मग मोठा नट. खालून बघताना तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सैल होतो. नटाबरोबर वरची जाळीही गरागरा फिरू लागली, तर वरून पकडीची दोन टोकं जाळीच्या भोकांत अडकवून कुणाला तरी धरायला सांगा. काही कपलिंगना मोठा नट नसतो, जाळीच्या मधोमध एकच स्क्रू असतो. तो गंजलेला असेल तर जपून फिरवा. तुटला तर सगळं कपलिंगच बदलावं लागतं.

कपलिंग वर निघाल्यावर काकूंच्या जुन्या वॉशरची दशा दिसली. बोटांनी दुमडताच त्यावर बारीक भेगा उमटल्या. भोकाभोवती पांढऱ्या सिमेंटचा थरही होता. मागच्या एका दुरुस्तीत कुणीतरी तो लिंपला असावा. सिमेंटला ताण सोसत नाही, शिवाय ते रबराला सपाट बसू देत नाही. सिमेंट आणि क्षाराचा थर प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं खरवडून काढला, उरलेल्या क्षारावर व्हिनेगर लावलं. स्टीलवर ॲसिड ओतू नका, त्यानं ते डागाळतं आणि खड्डे पडतात.

नवा वॉशर आणायला जाताना जुना आणि शक्य असेल तर कपलिंगही सोबत न्या. सिंकचं भोक साधारणपणे 3.5 इंचांचं, म्हणजे सुमारे 90 मिलिमीटरचं असतं, पण 4 इंची कपलिंगही सर्रास मिळतात. नजरेच्या अंदाजानं आणलेला वॉशर हमखास लहान किंवा मोठा निघतो.

जोडताना क्रम महत्त्वाचा. कपलिंगच्या वरच्या कडेखाली पातळ वॉशर, मग सिंकचा पत्रा, त्याखाली जाड रबर, त्याखाली प्लॅस्टिकची किंवा फायबरची पातळ चकती आणि शेवटी नट. ही चकती किरकोळ वाटून फेकून देऊ नका. तिच्यामुळे नट रबराला घासत, पिळत नाही. चकती नसली तर रबर मुरडून बाहेर डोकावतं आणि तिथूनच पाणी वाट काढतं. नट आधी हातानं जातो तेवढा, आटे सरळ धरले आहेत याची खात्री करून फिरवा, मग पान्यानं जेमतेम पाव फेरा. रबर सगळीकडून सारखं दबलेलं दिसलं की थांबा. आट्यांना टेफ्लॉन टेप लावायची गरज नाही. पाणी रबरानं अडवायचं असतं, आट्यांनी नाही.

आता तीच चार बोटं पाण्याची चाचणी पुन्हा, पण या वेळी अर्धा तास. काकूंच्या सिंकखाली पहिल्या दहा मिनिटांत एक बारीक ओल आली. नट आणखी किंचित फिरवताच ती थांबली. सिंकच्या भोकाची कडच वाकडी असेल किंवा कपलिंगला चीर असेल, तर मात्र वॉशरवर भागत नाही. वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातानं सपाट करून बघता येते, चिरलेलं कपलिंग बदलावंच लागतं.