दुसरा क्रमांक विभागून

सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेला दोन परीक्षक असले की निकालानंतर कुजबुज ठरलेली: दोघांचं मत जुळलं होतं का? नुसते गुण ताडून ते कळत नाही. एकाचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता. शिवाय एकाच परीक्षकाच्या ९ आणि ८ मधलं अंतर ५ आणि ४ मधल्या अंतराइतकंच असेल, याचीही खात्री नाही. भरवसा ठेवायचा तो क्रमावर. चार्ल्स स्पिअरमन या लष्कर सोडून मानसशास्त्राकडे वळलेल्या इंग्रज गृहस्थाने १९०४ साली क्रमांची तुलना करून सहसंबंध मोजण्याचा मार्ग मांडला. कागद-पेन्सिलीवर तो दहा मिनिटांत होतो.

समजा, क, ख, ग, घ, च, छ, ज, झ अशा आठ रांगोळ्या आहेत. पहिल्या परीक्षकांनी त्यांना ओळीने ९, ८, ८, ७, ६, ६, ६, ४ गुण दिले. दुसऱ्यांनी ८, ९, ७, ७, ५, ६, ४, ५.

आता क्रम लावायचे. पहिल्या यादीत क पहिली. ख आणि ग बरोबरीत. बक्षीस समारंभात आपण ‘दुसरा क्रमांक विभागून’ म्हणतो, पण प्रत्यक्षात काहीच विभागत नाही. इथे मात्र खरंच विभागायचं. त्या दोघींनी मिळून दुसरी आणि तिसरी जागा अडवली आहे, म्हणून २ आणि ३ यांची सरासरी, २.५, दोघींनाही. घ चौथी. पुढच्या तिघींनी ५, ६, ७ या जागा घेतल्या, म्हणून प्रत्येकीला ६. झ आठवी. दुसऱ्या यादीचे क्रम याच रीतीने २, १, ३.५, ३.५, ६.५, ५, ८, ६.५ असे येतात.

इथे एक पडताळा घ्यावाच. १ ते ८ ची बेरीज ३६. दोन्ही याद्यांच्या क्रमांची बेरीजही ३६ च यायला हवी. बरोबरीच्या दोघींना २ देऊन पुढचीला ३ दिला, की ही बेरीज घटते आणि चूक लगेच पकडली जाते.

मग जोडीजोडीने वजाबाकी: −१, १.५, −१, ०.५, −०.५, १, −२, १.५. यांची बेरीज शून्य, म्हणजे गणित रुळावर आहे. वर्गांची बेरीज १२. स्पिअरमनच्या सूत्रात तिला ६ ने गुणायचं, ८ × ६३ म्हणजे ५०४ ने भागायचं आणि उत्तर १ मधून वजा करायचं: ०.८५७. पूर्ण एकमत असेल तर १, क्रम तंतोतंत उलटे असतील तर −१. तेव्हा हे दोघे बरेच जुळले म्हणायचे.

पण हे सूत्र बरोबरी नाहीच असं धरून बांधलेलं आहे. पहिल्या परीक्षकांनी कंटाळून सगळ्यांना ७ गुण दिले असते तर? प्रत्येकीचा क्रम ४.५, वर्गांची बेरीज ४१, आणि सूत्र सांगतं ०.५१! ज्यांनी काही मतच दिलं नाही, त्यांचं निम्मंशिम्मं एकमत.

म्हणून पाठ्यपुस्तकं दुरुस्ती सांगतात. बरोबरीच्या प्रत्येक गटातल्या संख्येचा घन घ्या, त्यातून ती संख्या वजा करा, १२ ने भागा आणि वर्गांच्या बेरजेत मिळवा. दोघींच्या गटाला ०.५, तिघींच्या गटाला २. आपल्या उदाहरणात पहिल्यांचे २.५ आणि दुसऱ्यांचे १, मिळून ३.५. बेरीज १२ ची १५.५ होते आणि उत्तर ०.८१५ वर येतं.

विद्यार्थी इथे थांबतात. परीक्षेत गुणही मिळतात. पण पहिल्या परीक्षकांची यादी तिच्याशीच ताडून पाहा. फरक सगळे शून्य, दुरुस्ती २.५ दोनदा म्हणजे ५, आणि उत्तर ०.९४. माणसाचं स्वतःशीही पूर्ण एकमत नाही! दुरुस्ती अर्धवट आहे, हे यावरून कळतं. बरोबरीमुळे क्रमांचा पसारा आकसतो, पण सूत्राचा छेद जुनाच राहतो.

पक्की रीत थोडीच लांब आहे. बरोबरी नसती तर आठ क्रमांचा पसारा, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, ४२ असता. त्यातून दुरुस्ती वजा केली की पहिल्यांचा ३९.५, दुसऱ्यांचा ४१. दोन्हींच्या बेरजेतून १२ वजा केले की ६८.५ उरतात. ३९.५ आणि ४१ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ४०.२४, त्याच्या दुपटीने भागल्यावर ०.८५१ मिळतं. यादी स्वतःशीच ताडली तर या रीतीने चोख १ येतो. आणि सगळ्यांना ७ देणाऱ्या परीक्षकांचा पसारा शून्य, त्यामुळे छेदही शून्य. भागाकारच होत नाही.