ऑफर स्वीकारण्याचा मेल: होकारापूर्वी आणि होकारात काय असावे

नोकरीचे ऑफर लेटर मेलवर आले की बहुतेक उमेदवार दोन ओळींत आभार मानून ‘मी ही ऑफर स्वीकारतो’ असे कळवतात. कायद्याच्या दृष्टीने एवढ्यानेही काम होते. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या लेखी ऑफर लेटर हा प्रस्ताव आणि उमेदवाराचा होकार ही स्वीकृती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम १०-अ मुळे हा व्यवहार मेलवर झाला म्हणून तो कच्चा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साइट-पुरवठ्याच्या वादात तर मेलच्या देवाणघेवाणीतूनच करार पूर्ण झाल्याचे मान्य केले होते. वेगळा करारनामा करून त्यावर सह्या व्हायच्या बाकी होत्या, तरीही. तो खटला दोन कंपन्यांचा होता, पण तत्त्व नोकरीच्या ऑफरलाही लागू पडते.

याच कायद्याच्या कलम ७ कडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यानुसार स्वीकृती पूर्ण आणि विनाअट असावी लागते. ‘ऑफर मान्य आहे, फक्त रुजू होण्याची तारीख पुढे करावी’ असे लिहिले की तो होकार राहत नाही, उमेदवाराने कंपनीपुढे ठेवलेला नवा प्रस्ताव होतो. कंपनीने त्याला उत्तर दिले नाही तर कोणतीच तारीख ठरलेली नसते. व्यवहारात एचआरची माणसे एवढ्या काटेकोरपणे वागत नाहीत हे खरे, पण वाद उद्भवला की मेलमधले शब्दच वाचले जातात. म्हणून शंका आणि होकार एकाच मेलमध्ये घालू नयेत. आधी शंकांचा मेल, मग सुधारित ऑफर लेटर आणि शेवटी होकार, हा क्रम पाळावा.

आलेले पत्र नक्की कोणते आहे, हेही आधी पाहावे लागते. कँपस मुलाखतीनंतर अनेकदा ‘लेटर ऑफ इंटेंट’ येते. त्यात निवड झाल्याचा उल्लेख असतो, पण पगाराचा तक्ता किंवा तारीख नसते. ऑफर लेटरमध्ये पद, पगार, ठिकाण आणि तारीख हे सगळे असते. अपॉइंटमेंट लेटर बहुधा रुजू होण्याच्या दिवशी हातात पडते आणि प्रोबेशन, नोटीस पीरियड, गोपनीयता यांची कलमे त्यात सविस्तर असतात. लेटर ऑफ इंटेंटच्या भरवशावर हातातली नोकरी सोडणे धोक्याचे.

हा सगळा क्रम एका उदाहरणावरून पाहता येतो. नाशिकमधील एका कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह असलेल्या उमेदवाराला पुण्यातील कंपनीची ऑफर ३ जूनला आली. पद सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, सीटीसी वर्षाला ७,२०,००० रुपये, रुजू होण्याची तारीख १ जुलै, आणि उत्तर ६ जूनपर्यंत. ही शेवटची मुदत टळली की ऑफर आपोआप संपते, म्हणून शंकांचा मेल पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच जायला हवा.

सात लाख वीस हजारांना बाराने भागले की साठ हजार येतात, आणि घरी तोच आकडा सांगितला जातो. प्रत्यक्षात सीटीसी म्हणजे कंपनीचा एकूण खर्च, हातात येणारी रक्कम नव्हे. या पत्राच्या तक्त्यात मूळ पगार, म्हणजे बेसिक, महिना ३०,००० रुपये होता. त्यावर बारा टक्के दराने कंपनीचा पीएफचा हिस्सा महिना ३,६०० आणि वर्षाला ४३,२०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या सुमारे ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण १७,३०० रुपये. गटविम्याचा हप्ता ११,५०० रुपये. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, वर्षाला ७२,००० रुपये. हे सगळे वजा केल्यावर उरतात ५,७६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४८,००० रुपये ग्रॉस. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ ३,६०० रुपये आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. फेब्रुवारीत हा कर ३०० रुपये असतो. हातात येतात ४४,२०० रुपये. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, नाहीतर रक्कम आणखी कमी झाली असती.

साठ आणि चव्वेचाळीस यांतल्या फरकात फसवणूक काहीच नाही. पीएफ कर्मचाऱ्याच्याच खात्यात जमा होतो. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते, त्यामुळे तीन वर्षांत नोकरी सोडणाऱ्याच्या दृष्टीने ते १७,३०० रुपये कागदावरच राहतात. व्हेरिएबलबद्दल तर मेलमध्ये स्पष्ट विचारलेच पाहिजे. ते दर महिन्याला मिळते, तिमाहीला की वर्षअखेरीस? मध्येच रुजू झालेल्याला त्या प्रमाणात मिळते का? ते देण्याच्या वेळी कर्मचारी नोटीस पीरियडवर असेल तर काय? शेवटचा प्रश्न विचारायला उमेदवार बिचकतात, पण व्हेरिएबलच्या रकमा सर्वांत जास्त तिथेच बुडतात. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल, हेही याच मेलमध्ये विचारावे.

पदाच्या बाबतीत नुसत्या नावावर समाधान मानू नये. मुलाखतीत सांगितलेले काम आणि पत्रातले पदनाम यांत फरक पडतो तो बहुधा ठिकाण, शिफ्ट आणि वरिष्ठ कोण यांवरून. या उमेदवाराला मुलाखतीत आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल असे सांगितले होते. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता आणि ‘कंपनीच्या कोणत्याही कार्यालयात बदली होऊ शकते’ असे वाक्य मात्र होते. असे वाक्य जवळपास प्रत्येक ऑफर लेटरमध्ये असते आणि ते सहसा काढून मिळत नाही. घरून कामाचे दिवस लेखी मागता येतात. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर सहा महिन्यांत दुसऱ्या विभागात जाऊ शकतो.

तारखेचे गणित सोपे, तरी सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. नाशिकच्या कंपनीत नोटीस पीरियड साठ दिवसांचा होता. ६ जूनला राजीनामा दिला तर साठ दिवस ५ ऑगस्टला भरतात. १ जुलैला रुजू होणे शक्यच नव्हते. ‘बायआउट’ म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटण्याची सोय काही ठिकाणी असते, पण जुन्या कंपनीने तिला मंजुरी द्यावी लागते, त्यामुळे तिच्या भरवशावर तारीख मान्य करू नये. शेवटच्या दिवसानंतर चार-पाच दिवस हाताशी ठेवलेले बरे. हिशेब चुकता होणे, लॅपटॉप परत करणे, पुण्यात खोली बघणे, सगळे त्यातच करायचे असते. म्हणून ४ जूनच्या मेलमध्ये १० ऑगस्ट ही तारीख मागितली गेली. त्यासोबत व्हेरिएबल आणि घरून काम हे दोनच प्रश्न होते. पंधरा शंकांची यादी पाठवली की एचआर त्यांपैकी सोप्या प्रश्नांची उत्तरे देते आणि महत्त्वाचे मागे राहते.

६ जूनला दुपारी सुधारित पत्र आले. त्यात १० ऑगस्टची तारीख होती, दोन दिवस घरून काम होते आणि व्हेरिएबल वर्षअखेरीस, रुजू झाल्यापासूनच्या महिन्यांच्या प्रमाणात मिळेल असे लिहिले होते. उत्तर त्याच थ्रेडवर, सगळ्या संबंधितांना, वैयक्तिक मेल-पत्त्यावरून गेले. सध्याच्या ऑफिसच्या मेलवरून असला पत्रव्यवहार करू नये. तो पत्ता कंपनीचा असतो आणि शेवटच्या दिवशी बंद होतो. उत्तर असे होते:

‘नमस्कार. ६ जूनच्या सुधारित ऑफर लेटरनुसार पुणे कार्यालयातील सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हे पद मी स्वीकारत आहे. वार्षिक सीटीसी ७,२०,००० रुपये असून त्यात मासिक ग्रॉस ४८,००० रुपये आणि वार्षिक व्हेरिएबल ७२,००० रुपये आहे, ही विभागणी पत्रासोबतच्या तक्त्याप्रमाणे मान्य आहे. मी १० ऑगस्टला रुजू होईन. सही केलेली प्रत आणि मागितलेली कागदपत्रे सोबत जोडली आहेत. सध्याच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर ५ ऑगस्टनंतर मिळेल, तोवर राजीनामा मंजूर झाल्याचा मेल पाठवते. हा मेल मिळाल्याचे कृपया कळवावे.’

या मेलमध्ये एकही प्रश्न नाही, ‘जर’ किंवा ‘परंतु’ नाही. आकडे पत्रातून जसेच्या तसे घेतले आहेत आणि पत्राची तारीख दिली आहे, त्यामुळे ३ जूनचे जुने पत्र मान्य केले असा अर्थ कोणी काढू शकत नाही. बहुतेक कंपन्यांना हा मेल इंग्रजीत हवा असतो. भाषा बदलली तरी वाक्यांचा क्रम तोच ठेवावा.

कागदपत्रांत पॅन, आधार, गुणपत्रिका, आधीच्या नोकरीची पत्रे, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, रद्द केलेला चेक आणि पीएफचा यूएएन क्रमांक एवढे सहसा मागितले जाते. आधारची प्रत पाठवताना पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत चालेल का, हे विचारता येते. मूळ प्रमाणपत्रे दाखवायची असतात, ठेवून द्यायची नसतात. कोणी प्रशिक्षण, लॅपटॉप किंवा पडताळणीसाठी आधी पैसे भरायला सांगितले, किंवा ऑफर कंपनीच्या डोमेनऐवजी एखाद्या मोफत मेल-पत्त्यावरून आली असेल, तर तिथेच थांबावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून क्रमांक घेऊन फोनवर खात्री करावी.

यूएएन जुनाच द्यावा, नवा काढू नये. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर जुनी रक्कम नव्या खात्यात वळवताना अडचण येते. ती नोंद झाली का, हे नोकरी सोडल्यावर पोर्टलवर तपासावे. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्याने आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला द्यावा, नाहीतर दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट आणि सूट स्वतंत्रपणे धरतात आणि मार्चनंतर उरलेला कर एकदम भरावा लागतो.

ऑफर लेटरमध्ये ‘पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन’ असे वाक्य असते. याचा अर्थ होकार दिल्यानंतरही कागदपत्रांत तफावत सापडली तर कंपनी ऑफर मागे घेऊ शकते. आधीच्या नोकरीच्या तारखा रेझ्युमेत आणि रिलीव्हिंग लेटरमध्ये सारख्या आहेत ना, हे म्हणूनच आधी पाहावे. कंपनीने काहीही कारण नसताना ऑफर मागे घेतली तरी नोकरीवर घेण्याचा हुकूम न्यायालयाकडून सहसा मिळत नाही. खासगी सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही आणि फार तर नुकसानभरपाई मागता येते. त्यामुळे राजीनामा शंकांच्या मेलनंतर नव्हे, होकाराच्या मेलची पोच आल्यावर द्यायचा. वरच्या उदाहरणात पोच ६ जूनला संध्याकाळी साडेपाचला आली आणि राजीनाम्याचा मेल सहा वाजता गेला.