पप्पा, आता झोपा!

प्रिय पप्पा,

या महिन्याच्या 31 तारखेला तुम्ही रिटायर होताय. ऑफिसात ‘वडिलांना पत्र’ लिहायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं, सोपं आहे. माझे पप्पा लोको पायलट, 35 वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आम्ही वाढलो; दोन तासांत लिहून होईल. मग लिहायला बसले आणि लक्षात आलं, की तुमच्या कामाबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं एकाच वाक्यात मावतं. ‘हळू बोल, पप्पा झोपलेत.’

आमच्या घरातलं हे सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असेल. दुपारी बारा वाजता खिडकीला काळी चादर. दाराची बेल कायम काढून ठेवलेली. आई कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बारीक करायची आणि वरणाची डाळ पातेल्यात शिजवायची. मी आणि दादा भांडायचो तेही ओठ हलवून. कॉलेजला पुण्यात आले तेव्हा रूममेट म्हणाली, ‘तू इतकी कुजबुजत का बोलतेस?’ तेव्हा मला कळलं, की मी कुजबुजते.

म्हणून मागच्या सुट्टीत मी वही घेऊन तुमच्यासमोर बसले. तुम्हाला हसू आलं. ‘मुलाखत घेतेस का?’ म्हणालात. घेतलीच. पुढचं बरंचसं तुम्हाला माहीतच आहे, पण हा पेपर वाचणाऱ्यांना माहीत नाही. त्यामुळे अधूनमधून त्यांच्याशी बोलले तर रागावू नका.

तर मंडळी, मालगाडीला टाइमटेबल नसतं. ती तयार झाली, लाइन मोकळी मिळाली, की निघते. त्यामुळे ती चालवणाऱ्यालाही टाइमटेबल नसतं. आज सकाळी सहा, परवा रात्री दीड. पूर्वी घरी ‘कॉल बॉय’ यायचा. नाव बॉय, पण आमच्याकडे यायचे ते काका पन्नाशीचे होते. सायकल, टॉर्च आणि हातात रजिस्टर. गाडीच्या साधारण दोन तास आधी दार वाजवायचे आणि तुमची सही घेऊन जायचे. नंतर मोबाइल आले आणि काका यायचे बंद झाले. मग तुम्ही लॉबीत जायचात, श्वासाची चाचणी द्यायचात, वाटेत कुठे गाडी हळू न्यायची आहे त्याचा कागद, म्हणजे कॉशन ऑर्डर घ्यायचात, आणि विश्रांती झाली आहे अशी सही करायचात.

या सहीवरच आपण अडकलो, आठवतंय? मी विचारलं, ‘खरंच झालेली असायची का?’ तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, ‘विश्रांती व्हायची. झोप व्हायची असं नाही.’

मोठ्या ड्युटीनंतर घरी सोळा तास विश्रांती, असा नियम आहे. पण सोळा तास कुठले? सकाळी आठला घरी आलात, तर ते सोळा तास म्हणजे दूधवाला, भाजीवाला, शाळेची रिक्षा, शेजारच्या लग्नाचा बँड आणि आम्ही. शरीर म्हणतं दिवस आहे, जागा राहा. आणि रात्री बाराला पुन्हा कॉल. रात्रपाळी करणारा कारखान्यातला माणूस निदान आठवडाभर एकाच पाळीत असतो, त्याच्या शरीराला थोडीफार सवय होते. तुमच्या शरीराला सवय व्हायला काही ठरलेलंच नव्हतं.

सगळ्यात वाईट वेळ कुठली, असं विचारल्यावर तुम्ही क्षणात सांगितलंत. पहाटे तीन ते पाच. तेव्हा माणसाच्या शरीराचं तापमानही सगळ्यात खाली असतं आणि झोप नुसती येत नाही, ओढते. त्यासाठीचे तुमचे उपाय ऐकून मी वहीची दोन पानं भरली. रात्रीच्या ड्युटीआधी भात खायचा नाही, अर्धी भाकरी आणि भाजी. खिशात फुटाणे, कारण तोंड हलत असलं की डोळे मिटत नाहीत. खिडकीची काच उघडी, थंडीतसुद्धा. आणि उभं राहून चालवायचं.

यापेक्षा मोठा उपाय म्हणजे आवाज. सिग्नल दिसला की असिस्टंट त्याचा रंग मोठ्यानं सांगतो आणि लोको पायलट तोच रंग मोठ्यानं परत म्हणतो. हिरवा. हिरवा. डबल पिवळा. डबल पिवळा. लहानपणी तुम्ही माझ्याशी हा खेळ खेळायचात, मला वाटायचं खेळच आहे. तुम्ही म्हणालात, असिस्टंट झोपेला आलाय हे त्याच्या डोळ्यांवरून नाही कळत, अंधारात डोळे कुठे दिसतात? आवाजावरून कळतं. उत्तर अर्धा सेकंद उशिरा येतं. किंवा सिग्नल नीट दिसायच्या आधीच येतं, नुसत्या सवयीनं.

आणि मग तुम्ही मला 2004 च्या हिवाळ्यातली ती रात्र सांगितलीत.

मी सहा महिन्यांची होते. कान दुखत होता, दिवसभर रडत होते. आई दोन रात्रींची जागी, म्हणून सकाळी ड्युटीवरून आल्यावर तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. झोपवलं की झोपायचे, खाली ठेवलं की उठायचे. असं करता करता संध्याकाळ झाली. रात्री दहाला काका रजिस्टर घेऊन आले. तुम्ही सही केलीत. ‘सिक’ सांगता आलं असतं, असं मी म्हटलं. ‘आलं असतं,’ म्हणालात. ‘पण मुलगी रडते म्हणून सिक, असं तेव्हा सुचलं नाही.’

बडनेऱ्याकडे जाणारी भरलेली मालगाडी. भरलेली गाडी म्हणजे पन्नासहून जास्त वाघिणी, काही हजार टन. ब्रेक लावला आणि थांबली असं होत नाही. थांबायला किलोमीटरभर तरी लागतो. मलकापूर गेलं, शेगाव गेलं, अकोला गेलं. चार वाजून गेले होते. समोर सिग्नल आला. असिस्टंट म्हणाला, ‘पिवळा.’ तुम्ही म्हणालात, ‘हिरवा.’

तुमचे डोळे उघडे होते. सिग्नल दिसत होता. पण दिसणं आणि कळणं यांच्या मधलं काहीतरी काही सेकंदांसाठी बंद पडलं होतं. याला मायक्रोस्लीप म्हणतात, हे मी नंतर वाचलं. ज्याला ती येते त्याला ती आल्याचं कळतच नाही, हा तिचा सगळ्यात घातक भाग. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, आत्ताच वेग कमी करा. असिस्टंट उठून उभा राहिला आणि ओरडला, ‘साहेब, पिवळा!’ त्याच्या बाजूलाही इमर्जन्सी ब्रेकचा वॉल्व्ह असतो, त्याचा हात तिथे गेला होता. त्याआधीच तुम्ही ब्रेक घेतलात. गाडी लाल सिग्नलच्या दोन खांब आधी थांबली. पुढच्या स्टेशनात दुसरी गाडी उभी होती.

झालं काहीच नाही. लाल सिग्नल ओलांडला गेला नाही, म्हणून कुठे नोंदही नाही. तुम्ही तोंडावर पाणी मारलंत, सिग्नल मिळाला, निघालात. बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये असिस्टंट पडल्या पडल्या झोपला, तुम्हाला मात्र झोप लागली नाही. घरी येऊन तुम्ही फक्त आईला सांगितलंत. त्याच आठवड्यात खिडकीला काळी चादर लागली आणि बेल निघाली.

म्हणजे बावीस वर्षं मी ज्या चादरीवर चिडत होते, ती माझ्यामुळेच लागली होती! (मी सहा महिन्यांची होते, माझी चूक नाही, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. मान्य.) आईलाही तेव्हाच काहीतरी कळलं असणार. रेल्वेच्या कुटुंब मेळाव्यात ‘यांची झोप तुमच्या हातात आहे’ असं बायकांना सांगतात, तेव्हा बाकीच्या हसायच्या आणि आई हसायची नाही, असं शेजारच्या काकू सांगतात.

नंतर इंजिनात एक यंत्र आलं. साठ सेकंद तुम्ही कशालाच हात लावला नाही, तर आधी दिवा लागतो. तरी प्रतिसाद नसेल तर काही सेकंदांनी बझर वाजतो. तरीही नाही, तर गाडी आपोआप ब्रेक घेते. चांगली सोय आहे. पण तुम्हीच म्हणालात, की बटण दाबायची सवय हाताला लागते आणि अर्धवट झोपेतही हात बटण दाबू शकतो. त्यामुळे शेवटपर्यंत तुमचा भरवसा फुटाण्यांवर आणि असिस्टंटच्या आवाजावर. पुढे मेल-एक्सप्रेसवर गेलात, गाड्यांना टाइमटेबल आलं, कपडे जरा स्वच्छ राहू लागले. पण पहाटेचे तीन तिथेही वाजायचेच.

शेवटच्या गाडीच्या दिवशी इंजिनाला हार घालतील, ढोल आणतील. आईनं साडी काढून ठेवली आहे आणि दादा सुट्टी टाकून येतोय. मला मात्र त्याच्या दुसऱ्या दिवसाची जास्त काळजी आहे. मागच्या सुट्टीत पाहिलं ना मी, ड्युटी नसतानाही तुम्ही रात्री दोनला उठून ओट्याजवळ उभे होता. फोन वाजला की आधी हात शर्टाकडे जातो. पस्तीस वर्षांची मोडलेली घडी एका हारानं बसणार नाही. मी डॉक्टरांना विचारलंय. रोज सकाळी एकाच वेळी उठायचं, मग रात्री झोप लागलेली असो वा नसो. उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात फिरायचं, कारण शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं. दुपारी अर्ध्या तासाच्या वर पडायचं नाही. दुपारचा चहा शेवटचा. काही आठवडे लागतील, धीर धरा.

आणि ती काळी चादर काढा. आईला मी आधीच सांगितलंय.

तुम्ही म्हणालात, की रिटायर झाल्यावर दिवसाच्या गाडीनं शेगावला जायचं, खिडकीत बसून. समोरचं दिसत नाही, बाजूचं दिसतं अशा खिडकीत. इतक्या वर्षांत नांदुऱ्याच्या आसपासची शेतं कशी आहेत ते नीट पाहिलंच नाही, नजर रुळावरच होती. पास काढून ठेवा. मी येते तुमच्याबरोबर. सिग्नल आले तरी मोठ्यानं म्हणायचे नाहीत, डब्यातले लोक घाबरतील.

मी एक तारखेला दुपारी पोहोचतेय. आईनं बेल पुन्हा बसवली आहे म्हणे. तुम्ही झोपलेले असाल तर मी वाजवणार नाही, मागच्या दारानं येईन.

तुमची,
छोटी